लाल डबा रिकामा का असतो? चुका लपवणाऱ्या टीमला चुका सांगायला कसं तयार करायचं

भोसरी एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपमध्ये मी प्रॉडक्शन बघायचो, तेव्हाची गोष्ट. सीएनसी लेथवर एक बुश, म्हणजे नळीसारखा पोकळ पार्ट, चालायचा. त्याचा बोअर, म्हणजे आतलं भोक, २०.००० ते २०.०२१ मिलिमीटर, म्हणजे एकूण मोकळीक २१ मायक्रॉनची. रात्रपाळीत तीनच्या सुमाराला ऑपरेटरने बोअरिंगचं इन्सर्ट, म्हणजे भोक कापणारं पातं, बदललं. इन्सर्ट झिजत जातं तसा बोअर लहान होतो, म्हणून पाळीभर त्याने ऑफसेटमध्ये, म्हणजे मशीनला मापात करायला सांगितलेल्या फरकात, थोडं थोडं करत एकूण ३० मायक्रॉन वाढवले होते. इन्सर्ट नवं बसवल्यावर तो ऑफसेट शून्यावर आणायचा असतो. तो राहिला. पुढचा प्रत्येक पीस ३० मायक्रॉनने मोठा निघत गेला.

पाचच्या सुमाराला त्याने स्वतःच प्लग गेज लावून पाहिलं, तर बोअर मोठा झाला तरच आत जाणारी नो-गोची बाजू सरळ आत गेली. तोवर १३० पीस झाले होते आणि क्रेटमध्ये आधीच्या चांगल्या पीसमध्ये मिसळले होते. त्याने ऑफसेट दुरुस्त केला, हाताशी असलेले १२ पीस चिप्सच्या ट्रॉलीत टाकले आणि मशीन पुन्हा चालू केलं. सकाळी खराब पीस टाकायच्या लाल डब्यात एकही पीस नव्हता. तिसऱ्या दिवशी चाकणहून कस्टमरचा फोन आला, पिन ढिली बसतेय म्हणून. आमची दोन माणसं दोन दिवस तिथे बसून ४,८०० पीस नो-गोने तपासत होती. त्यातून ११८ निघाले.

या गड्याला मी आळशी किंवा अप्रामाणिक म्हणणार नाही. त्याचा हिशेब बरोबर होता. महिन्यापूर्वी दुसऱ्या एका ऑपरेटरने ४० पीस खराब झाल्याचं सांगितलं होतं. त्याचं नाव बोर्डावर लागलं, सकाळच्या मीटिंगमध्ये मी सगळ्यांसमोर त्याला झापलं, शिवाय त्याचा इन्सेंटिव्ह गेला. सांगितलं तर शिक्षा नक्की, लपवलं तर शिक्षा कदाचित. पहाटे पाच वाजता, एकटा असताना, कुणीही दुसराच पर्याय निवडेल. टीममधली मानसिक सुरक्षितता म्हणजे हा हिशेब उलटा करणं: सांगण्याची किंमत लपवण्याच्या किमतीपेक्षा कमी असली पाहिजे, आणि ती तशी आहे हे माणसांना डोळ्यांनी दिसलं पाहिजे. आमच्याकडे ते ज्या क्रमाने जमलं, त्याच क्रमाने खाली लिहितो. उदाहरण मशीन शॉपचं आहे. तुमच्याकडे पीसच्या जागी बिलं, रिपोर्ट किंवा कोड असेल, पण क्रम बदलू नका.

आधी बघा, किती लपतंय

लपलेलं मोजायला मटेरियलचा मेळ घाला. आमचा बार ३ मीटरचा, पीस आणि कटिंग मिळून ३५ मिलिमीटर, शेवटचा साधारण २०० मिलिमीटरचा तुकडा वाया जातो. म्हणजे एका बारमधून ८० पीस. आठवड्यात ४० बार गेले तर ३,२०० पीस दिसायला हवेत. नोंद होती ३,१५१ चांगले आणि ४ रिजेक्ट. सेटिंगचे दहा-बारा पीस सोडले तरी तीसेक पीस कुठेच नव्हते.

हा मेळ फक्त तुमच्यासाठी आहे, आणि यावर माझा फार जोर आहे. तो घेऊन कुणाला जाब विचारलात, तर पुढच्या आठवड्यापासून लोक बारची नोंदही जुळवून देतील. मग तुमच्याकडे मोजायलाही काही उरणार नाही.

दुसरी खूण याहून सोपी आहे. गेल्या तीन महिन्यांत कळलेल्या वीस चुका वहीत लिहा आणि प्रत्येकीसमोर लिहा, ही कुणी सांगितली. जिच्या हातून झाली तिनेच किंवा त्यानेच, की इन्स्पेक्टरला सापडली, की कस्टमरने कळवली? आमच्या वीसपैकी दोनच करणाऱ्याने सांगितलेल्या होत्या. पुढे सुधारणा होतेय का, हे मी याच एका आकड्यावरून बघितलं. रिजेक्शनची टक्केवारी या कामात फसवते. एमी एडमंडसन या संशोधिकेने नव्वदच्या दशकात हॉस्पिटलमधल्या टीम अभ्यासल्या. चांगल्या टीममध्ये औषधांच्या चुका कमी असतील असा त्यांचा अंदाज होता, पण आकडे उलटे आले: चांगल्या टीममध्येच नोंदलेल्या चुका जास्त होत्या. तिथे चुका जास्त होत नव्हत्या, त्या उघडपणे बोलल्या जात होत्या. रात्रपाळीचा लाल डबा कायम रिकामा असेल तर आनंद मानू नका.

मग वरच्या साहेबांशी बोला

बहुतेक मॅनेजर ही पायरी गाळतात आणि दुसऱ्याच महिन्यात त्यांचा प्रयत्न कोसळतो. लोक सांगायला लागले की कागदावरचं रिजेक्शन वाढतं. पीस आधीही खराब होत होते, आता ते दिसायला लागतात. पण महिन्याच्या रिव्ह्यूला तो आकडा तुमच्या नावावर लागतो. वरून दट्ट्या आला की तुम्ही तो खाली ढकलता आणि डबा पुन्हा रिकामा होतो.

म्हणून सुरुवात करण्यापूर्वी प्लांट हेडकडे जा. मी आमच्या साहेबांसमोर ११८ पिसांचा खर्च मांडला: चाकणच्या फेऱ्या, दोन माणसांचे दोन दिवस, कस्टमरचं डेबिट. शेजारी लिहिलं, पहाटे पाचला कळलं असतं तर तासाभराचं सॉर्टिंग आणि १३० पिसांचं मटेरियल, बस्स. मग मागणी केली: "साहेब, तीन महिने शॉपमधलं रिजेक्शन वाढेल. त्यावरून मला विचारू नका. कस्टमरपर्यंत किती गेलं, ते विचारा." त्यांनी तीनऐवजी दोन महिने दिले. तेवढेही पुरतात, पण ते आधी मागून घ्यावे लागतात.

शिक्षा कुठे कुठे लपली आहे ती शोधून काढा

भाषणाआधी व्यवस्था बदला. बोर्डावर रिजेक्शनसमोर ऑपरेटरची नावं होती, ती पुसली. आता तिथे फक्त मशीन नंबर आणि कारण लिहिलं जातं. सकाळच्या मीटिंगमध्ये "हे कुणाचं?" हा प्रश्न बंद केला.

इन्सेंटिव्हचं गणित मात्र अवघड आहे. आमच्याकडे रिजेक्शन १ टक्क्याच्या वर गेलं की त्या महिन्याचा इन्सेंटिव्ह जायचा. नियम असा बदलला: जो पीस ऑपरेटरने स्वतः, त्याच पाळीत, टॅग लावून लाल डब्यात टाकला, तो इन्सेंटिव्हच्या हिशेबात धरायचा नाही. लोक बेफिकीर होतील अशी भीती अकाउंट्सला होती. तसं झालं नाही, कारण टॅगवर कारण लिहावं लागतं, आणि एकच कारण तीनदा आलं की मशीन सेट करणारा सेटर आणि मी त्या मशीनवर जाऊन उभे राहतो. बेफिकीर माणसाला तेच नको असतं. मेहनती माणसाला मात्र मदत मिळते.

पैशांचा नियम तुमच्या हातात नसेल तर त्याबद्दल शब्द देऊ नका. जेवढं हातात आहे तेवढंच बदला आणि तेवढंच बोला. पाळता न आलेला एक शब्द वर्षभराची मेहनत मातीत घालतो.

काय माफ आणि काय नाही, ते आधीच सांगा

"इथे सगळं माफ आहे" असं म्हटलंत तर कुणी विश्वास ठेवत नाही, आणि ठेवूही नये. अमेरिकेत १९७६ पासून वैमानिकांसाठी चुका कळवण्याची एक यंत्रणा चालते. तिची रचना बघण्यासारखी आहे. अहवाल जातो नासाकडे, दंड करणाऱ्या विमान वाहतूक खात्याकडे नाही. दहा दिवसांत कळवलं तर नकळत झालेल्या नियमभंगाचा दंड माफ होतो. मुद्दाम केलेलं कृत्य, गुन्हा किंवा अपघात असेल तर ही सवलत नाही. सवलत कुठे संपते हे आधीच ठाऊक असल्यामुळे माणूस निर्धास्तपणे लिहितो.

मी शॉपमध्ये तीन भाग केले आणि परिपत्रक न काढता प्रत्येक पाळीत मशीनपाशी उभं राहून सांगितले.

पहिला, चूक. ऑफसेट शून्य करायचा राहिला, ड्रॉइंग वाचताना आकडा चुकला. सांगितलं की काहीही होणार नाही.

दुसरा, शॉर्टकट. प्लॅन गाठायचा म्हणून फर्स्ट पीस तपासून न घेताच मशीन चालू केलं. इथे शिक्षेआधी मी स्वतःला एक प्रश्न विचारतो: त्या जागी, त्या दबावात, दुसरे चांगले ऑपरेटर काय करतात? सगळेच तसं करत असतील तर दोष एकट्याचा नाही. प्लॅनच चुकीचा आहे आणि तो मी बनवलाय.

तिसरा, मुद्दाम. न मोजता इन्स्पेक्शन शीटवर रीडिंग भरणं, दाराचा सेफ्टी स्विच बायपास करून मशीन चालवणं, खराब पीस ओळखूनही चांगल्यात ढकलणं. याला माफी नाही. तो बोअरवाला प्रकार खरं तर इथेच बसतो. पण जुन्या नियमांखाली घडलेल्या गोष्टीला नवा नियम लावायचा नाही, असं ठरवून मी त्याच्यावर कारवाई केली नाही. आजही मला तो निर्णय बरोबर वाटतो.

स्वतःची चूक सांगा, पण आकड्यासकट

"मीही माणूसच आहे, माझ्याही चुका होतात" हे वाक्य कुणाच्याच कामाचं नाही. ऐकणाऱ्याला त्यातून एवढंच कळतं की साहेबांना चांगलं दिसायचंय. चूक सांगायची तर नुकसानीसकट सांगा. मी सांगितली ती अशी: ड्रॉइंगची नवी आवृत्ती मेलवर आली होती, मी ती शॉपला द्यायची विसरलो, दोन दिवस जुन्या मापाने २६० पीस निघाले, आणि तेव्हा मी कस्टमरला मटेरियल उशिरा आल्याचं कारण सांगितलं. शेवटचं वाक्य बोलताना जड गेलं. पण मीटिंग संपल्यावर जुने सेटर काका जवळ येऊन म्हणाले, "सर, ते आम्हाला तेव्हाच माहीत होतं." लोकांना तुमच्या चुका ठाऊक असतातच. तुम्ही कबूल करता की नाही, तेवढंच ते बघत असतात.

चूक सांगायला माणूस आला की पहिलं मिनिट

सगळं इथेच ठरतं. माणूस समोर येतो, हातात पीस असतो, नजर खाली. तुमच्या तोंडून निघालेलं पहिलं वाक्य संध्याकाळपर्यंत तिन्ही पाळ्यांमध्ये पोचतं.

आपल्या भाषेत "असं कसं केलंस?" हा प्रश्न नसतो, आरोप असतो. "लक्ष कुठे होतं?" हेही तसंच. त्याला खरं उत्तर असूच शकत नाही, फक्त सबब असते. "का" ने सुरू होणारं काहीही पहिल्या मिनिटात तोंडातून काढू नका. मी चार वाक्यं ठरवून ठेवली होती आणि सुरुवातीला अक्षरशः पाठ केली होती:

"बरं केलंस, लगेच आलास."
"मशीन थांबलंय का?"
"पीस किती असतील, आणि आत्ता कुठे आहेत?"
"चल, बघू."

बस्स. पहिल्या वाक्यात "धन्यवाद" नको, ते मशीनपाशी परकं वाटतं. वयाने मोठे असतील तर अर्थातच "बरं केलंत, काका." पुढचे दोन प्रश्न नुकसान थांबवण्यासाठी आहेत, आणि त्यांची उत्तरं माणूस देऊ शकतो, म्हणून त्याचा जीव भांड्यात पडतो. चौथ्यात तुम्ही त्याच्याबरोबर चालायला लागता. "चल, बघू" म्हणून खरोखर उठलं पाहिजे. खुर्चीत बसून म्हटलं तर त्याचा अर्थ "तूच निस्तर" असा होतो.

कारणाची चर्चा दुसऱ्या दिवशी करा, तीही "काय झालं, सुरुवातीपासून सांग" अशी. आणि सुस्कारे टाकू नका. शब्द नीट आणि चेहरा वैतागलेला असेल, तर लोक चेहराच लक्षात ठेवतात.

दोन दिवसांत काहीतरी हललेलं दिसलं पाहिजे

सांगून काही बदलत नसेल तर माणूस दुसऱ्यांदा येत नाही. त्या बोअरवाल्या ऑपरेटरबरोबर मी महिनाभराने, सगळं निवळल्यावर, निवांत बसलो. "त्या रात्री सुरुवातीपासून काय झालं?" एवढंच विचारलं. तेव्हा जे कळलं ते कुठल्याही रिपोर्टमध्ये नव्हतं. २० मिलिमीटरचा प्लग गेज दोन मशीनमध्ये मिळून एकच होता. त्या रात्री तो पलीकडच्या मशीनवर होता आणि तिथला ऑपरेटर सेटिंगमध्ये अडकलेला. म्हणून इन्सर्ट बदलल्यावर लगेच तपासणी झाली नाही. "मग घेऊ" म्हणता म्हणता पाच वाजले.

आम्ही दुसरा गेज मागवला. तो येईपर्यंत इन्सर्टच्या डबीला दोरीने एक कार्ड बांधलं: "ऑफसेट शून्य, मग २ पीस गेजने, मग चालू." त्या दोन तपासण्यांना तीन मिनिटं लागतात, ती प्लॅनमध्ये धरली. कार्ड त्याच्याच अक्षरातलं आहे. तो प्रकार आमच्याकडे परत झालेला नाही. आमच्या जुन्या रिपोर्टमध्ये मूळ कारण म्हणून "ऑपरेटरचा निष्काळजीपणा" आणि उपाय म्हणून "समज दिली" असं लिहिलं होतं. तुमच्या रिपोर्टमध्ये हे दोन शब्दप्रयोग वारंवार दिसत असतील, तर तुमच्यापर्यंत खरं पोचत नाहीये असं खुशाल समजा.

मधली माणसं आणि कंत्राटी पोरं

ऑपरेटर सांगायला तयार झाला तरी गोष्ट सुपरवायझरपाशी अडते. तो वाईट नसतो. त्याला दोन्हीकडून मार बसतो. ऑपरेटरने त्याला टाळून थेट तुमच्याकडे यावं असा मार्ग काढलात, तर सुपरवायझर दुखावतो आणि रात्री त्या ऑपरेटरवर राग काढतो. आम्ही सुपरवायझरनेच पाळी बदलताना तोंडी सांगायचं ठरवलं. डायरीत आकड्यांच्या वर एक ओळ: "या पाळीत काय बिघडलं." रिकामी सोडायची नाही. काहीच बिघडलं नसेल तर "काय बिघडता बिघडता राहिलं" ते लिहायचं. सुपरवायझरच्या कामाचा आढावा घेताना मी त्या ओळीवरून प्रश्न विचारायचो, उत्पादनाचा आकडा त्यानंतर.

कंत्राटी कामगार आणि आयटीआयचे ट्रेनी यांची भीती वेगळी आहे. त्यांना शिव्यांची भीती नसते, उद्या गेटवर पास मिळणार नाही याची असते. तुम्ही कितीही गोड बोललात तरी कंत्राटदाराने परस्पर माणूस बदलला की खेळ खलास. कंत्राटदाराला बोलावून सांगा की चूक सांगितलेल्या माणसाला माझ्याशी बोलल्याशिवाय बदलायचं नाही. तो ऐकेलच असं नाही. आमच्याकडे एकदा ऐकलं नाही, आणि पुढचे दोन महिने ट्रेनींकडून एकही टॅग आला नाही.

बिघडतंय हे कशावरून ओळखायचं

टॅग यायला लागले म्हणजे झालं असं समजू नका. ते वाचा. सगळ्यांवर "टूल वेअर" असेल तर लोक सुरक्षित कारण लिहितायत. एक-दोन पिसांच्याच चुका येत असतील आणि पन्नासच्या कधीच नाहीत, तर मोठ्या अजून लपतायत. फक्त दिवसपाळीचे टॅग असतील तर रात्रीचा सुपरवायझर बदललेला नाही. एकदा पहाटे चारला जाऊन त्याच्याबरोबर चहा घ्या. तपासणीला आलोय असं मात्र त्याला वाटू देऊ नका.

आणि चहाडीपासून जपा. कुणी येऊन कानात म्हणालं, "सर, त्याने काल वीस पीस फेकले," तर ती माहिती कितीही मोलाची असली तरी तिच्यावरून कुणावर चालून जाऊ नका. "त्यालाच मला सांगू दे. पाळी संपेपर्यंत मी थांबतो," असं सांगून परत पाठवा. पीस कस्टमरकडे निघालेले असतील तर गाडी जरूर थांबवा, पण नाव न घेता. दुसऱ्याच्या चुका सांगून मान मिळतो असं दिसलं, की स्वतःची चूक सांगणारा कुणी राहत नाही.

तुमचा तोल गेला तर

जाणारच. चौथ्या महिन्यात, डिस्पॅचची गाडी उभी असताना, एका ऑपरेटरने येऊन सांगितलं की थ्रेड खोल गेलेत, ६० पीस. मी सगळ्यांसमोर ओरडलो, "आत्ता सांगतोस?" तो काही न बोलता परत गेला. त्यानंतर नऊ दिवस त्या लाईनवरून एकही टॅग आला नाही. मी दिवस मोजले होते.

एकांतात माफी मागून हे भरून निघत नाही. ज्यांच्यासमोर ओरडलो, त्यांनी माफीही ऐकायला हवी. दहाव्या दिवशी सकाळी त्याच जागी, त्याच लोकांसमोर मी म्हणालो, "त्या दिवशी याने गाडी निघायच्या आधी सांगितलं, म्हणून ६० पीस चाकणला गेले नाहीत. मी ओरडलो ते चुकलं." गाडीचं टेन्शन होतं वगैरे काही जोडलं नाही, कारण सबब जोडली की माफी उरत नाही. तो मान खाली घालून उभा होता, शेजारचा एक जण हसला, आणि सगळे कामाला लागले. दुपारी त्याच लाईनच्या लाल डब्यात तीन पीस होते. टॅगवर लिहिलं होतं: "टॅप बदलायला उशीर केला. चूक माझी."